रद्दबातल कलमाची जरब

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एखाद्या विक्री-अभियंत्याचे नेमणूकपत्र डोळ्यांसमोर आणावे. पगार दरमहा ४०,००० रुपये. सहाव्या पानावर बारीक टायपात दोन कलमे: नोकरी सोडल्यावर १२ महिने प्रतिस्पर्धी कंपनीत काम करावयाचे नाही, आणि २४ महिने कंपनीचे ग्राहक वा कर्मचारी यांना आपल्याकडे ओढावयाचे नाही. तीन वर्षांनी दुसरी कंपनी त्याला ५२,००० देऊ करते, आणि त्या सहाव्या पानाला एकाएकी जीव येतो.

कायदा येथे कोणाच्या बाजूचा आहे? भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम २७ स्पष्ट आहे. कोणाही व्यक्तीस कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. धंद्याची पत विकणाऱ्यावरील निर्बंध एवढाच त्याला अपवाद. इंग्लंडप्रमाणे निर्बंध ‘वाजवी’ आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या मनाईबाबत उद्भवत नाही. म्हणजे वरील १२ महिन्यांची मनाई कोर्टात टिकावयाची नाही.

परंतु नोकरीच्या मुदतीत घातलेले बंधन ही वेगळी बाब आहे. कल्याण येथील टायर-कॉर्डच्या कारखान्यातील एका पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार १९६४ मध्ये अर्ध्यावर सोडून प्रतिस्पर्धी कारखान्याची नोकरी धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या ‘सेंच्युरी स्पिनिंग’ निकालात, मूळ पाच वर्षे संपेपर्यंत तशाच कामावर जाण्याची त्याला केलेली मनाई कायम ठेवली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अटही वैध ठरविली. तेव्हा सही करण्यापूर्वी पाहावयाचे ते हे की, पत्रात ठराविक मुदत किंवा रोख रकमेची अट आहे काय. मनाईचे कलम बहुधा पोकळ असते. रकमेचे कलम तसे नसते.

ग्राहकांविषयीचे कलम मधल्या जागेत येते. जुन्या ग्राहकाची ओळख ही माणसाच्या अनुभवाचाच भाग आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका बँकेच्या दाव्यात, ग्राहकांची नावे व माहिती हे गुपित असल्याचा आधार घेऊन कर्मचाऱ्याची वाट अडविता येणार नाही, अशीच भूमिका घेतली. मात्र कंपनीच्या संगणकावरून दरपत्रके व ग्राहकयाद्या उतरवून नेल्या, तर प्रश्न स्पर्धेचा राहत नाही, गोपनीयतेच्या भंगाचा होतो, आणि तेथे मनाईहुकूम मिळू शकतो. आपल्या अभियंत्याने डोक्यातले ज्ञान न्यावे, फाइल नेऊ नये.

मग जे कलम कायद्याने मेलेले आहे, ते पत्रांतून वर्षानुवर्षे छापले का जाते? कारण त्याला कोर्टात जिंकावयाचे नसतेच. अभियंता राजीनामा देतो. नोटिशीचे ९० दिवस भरले तरी कार्यमुक्तीपत्र ‘विचाराधीन’ राहते. शेवटचा हिशेब अडतो. त्याला आणि नव्या कंपनीला वकिलाची नोटीस जाते. नवी कंपनी कार्यमुक्तीपत्रावाचून रुजू करून घेत नाही, आणि कज्जा नको म्हणून दुसरा उमेदवार शोधते. खटला न भरताच निकाल लागतो. दाव्याचा खर्च जुन्या कंपनीच्या हिशेबात किरकोळ, तर अभियंत्याचा एक महिना बिनपगारी गेला की घरभाड्याचा प्रश्न उभा राहतो.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. संघटना नसलेल्या पगारदाराच्या हाती सौद्याचे एकच साधन असते: सोडून जाण्याची शक्यता. ती खोटी ठरली की ५२,००० चा देकार पुढे करून आपल्याच कंपनीत ४६,००० मागण्याचीही सोय उरत नाही. ज्याने नोकरी सोडलीच नाही, त्याचाही पगार हे कलम दाबून ठेवते. आणि त्या मनाईच्या काळात कंपनी त्याला एक पैही देत नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकते केले पाहिजे. हिशेब अडवून धरण्याला हे उत्तर आहे. त्याची लेखी मागणी करावी. परंतु संहिता कार्यमुक्तीपत्राविषयी काही बोलत नाही. आज रद्दबातल कलम लिहिणाऱ्या मालकाला त्याची किंमत मोजावी लागत नाही. फार तर ते कलम लागू होत नाही, एवढेच. जोवर असे कलम छापणे हाच दंडनीय प्रमाद ठरत नाही आणि नोटीस पुरी करणाऱ्यास कार्यमुक्तीपत्र विनाशर्त देण्याचे बंधन येत नाही, तोवर १८७२ चे कलम पुस्तकात जिवंत आणि सहावे पान व्यवहारात जिवंत, अशी विपरीत अवस्था चालूच राहील. कामगार संघटनांनी गिरणीच्या दारापलीकडे येऊन या नेमणूकपत्रांचेही वाचन सुरू करावयास हवे.