'पाणी मारावे' म्हणजे मारायलाच पाहिजे का?

उर्सेकर मंडळी, गटार, मोरी, संरक्षक भिंत अशा कामांच्या अटी कधी नीट वाचल्यात का? रक्कम आपण सगळेच बघतो. मी म्हणतो, क्रियापद बघा.

समजा अटींत लिहिलंय, 'काँक्रीटवर १४ दिवस पाणी मारण्यात यावे.' तिसऱ्या दिवशी पाणी बंद. विचारलं तर उत्तर तयार, 'अहो, ती सूचना आहे.' आणि मराठीत तसं म्हणता येतं, हीच पंचाईत. 'मारावे' हा हुकूम असतो, सल्लाही असतो. त्यात 'मारण्यात यावे' म्हटलं की मारायचं कुणी हेही गायब. ग्रामपंचायतीनं, कंत्राटदारानं, की पावसानं?

काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात (२००० ची आवृत्ती) हा फरक नेमका दिसतो. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पृष्ठभाग ओला ठेवायचा, तिथे शब्द आहे 'शॅल'. म्हणजे बंधन. मिसळलेल्या सिमेंटला हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढवावा, ही मात्र शिफारस आहे. हे सिमेंट ताकद हळू धरतं, म्हणून.

आता आपली अट घ्या. दुकानात मिळणारं पीपीसी हे मिसळलेलंच सिमेंट. दहाव्या दिवशी पाणी बंद केलं तर मानक मोडलं नाही, तिसऱ्या दिवशी केलं तर मोडलं. पण आपल्या कागदावर नुसतं 'यावे' असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात. नुकसान नंतर दिसतं. वरचा थर भुसभुशीत राहतो, नखानं खरवडला तरी पावडर निघते. तोवर बिल निघालेलं असतं.

म्हणून कागदावर तीनच रूपं ठेवा. बंधन असेल तर 'कंत्राटदार किमान १० दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवील'. मराठी कायद्यांतही 'शॅल'ला बहुतेक असंच 'करील', 'असेल' येतं. सल्ला असेल तर '१४ दिवस ठेवणे इष्ट'. मुभा असेल तर 'पाण्याऐवजी ओली गोणपाटे वापरण्यास मुभा आहे'. 'वापरू शकतो' नको, त्यात परवानगी की क्षमता हे कळत नाही. आणि सुरुवातीलाच एका ओळीत या तिन्हींचा अर्थ लिहा.

एवढ्यानं सगळं मिटतं असं नाही. १९५७ साली मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या कलम ३२० मधला 'शॅल' बंधनकारक नाही असं ठरवलं. एक कारण असं, की सल्ला घेतला नाही तर काय, हे घटनेत लिहिलेलं नव्हतं. तेव्हा 'ठेवील'च्या पुढे 'न ठेवल्यास त्या भागाचे देयक अदा केले जाणार नाही' हेही हवंच. शिवाय ओतकामाची तारीख काँक्रीटवरच रंगानं लिहून घ्या, म्हणजे दिवस कुणालाही मोजता येतील.

पुढच्या ग्रामसभेत एखाद्या कामाच्या अटी वाचल्या गेल्या, तर प्रत्येक 'यावे'ला हात वर करून विचारा, 'कुणी? आणि नाही केलं तर?'