एक चौकट, दोन वेलांट्या

कॉन्व्हेंटवाल्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही म्हणतात, पण ऑनलाइन शब्दकोडं आमच्याहून अडाणी! आडवा शब्द ‘कवी’, उभा ‘विहीर’ आणि ‘व’ची चौकट एकच. संस्कृतात ‘कवि’, पण मराठीच्या नियमाने शेवटचा इकार दीर्घ, म्हणून ‘कवी’. ‘विहीर’ला मात्र पहिलीच वेलांटी हवी. पेपरातल्या कोड्यात आपण कुठलीही देतो, डोळा चालवून घेतो. कॉम्प्युटरला मात्र ि (U+093F) आणि ी (U+0940) ही दोन वेगळी चिन्हं. उत्तरात ‘वी’ साठवली असेल, तर ‘वि’ लिहिणारा चूक! माझं मत : अशा सामायिक चौकटीत दोन्ही चालवा. सरसकट सूट मात्र नको, नाहीतर ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, दोघं एकच होतील.