पेणच्या मूर्ती परदेशी पाठवताना

रायगड किनाऱ्यालगतच्या पेणहून परदेशी जाणारी शाडूची गणेशमूर्ती न्हावा शेवा बंदरातून निघून कित्येक आठवडे समुद्रावर असते, त्यामुळे निर्यातदाराने बांधणीपूर्वी पहिली तपासणी करावी ती मूर्ती आतून वाळल्याची. कारण ओलसर मूर्ती पिशवीत बंद केल्यास आतला दमटपणा बाहेर पडू न शकल्याने रंगाला फोड येतात. दुसरी तपासणी आधाराची: सोंड, कान आणि हात हे नाजूक भाग मऊ कागदात सैल गुंडाळावेत, मात्र मूर्तीचा भार बैठकीवर व पाठीवर पडेल असाच फोम बसवावा, कारण हाताभोवती घट्ट कोंबलेले भरणच धक्क्याच्या वेळी तो हात मोडते. खोके पाच किंवा सात पदरी असावे, चारही बाजूंना सुमारे 5 सेंटिमीटर भरण राहावे आणि बंद खोके हलवल्यावर आत काही सरकल्याचे जाणवले, तर ते पुन्हा भरावे. तिसरी तपासणी ओलाव्याची: रात्री कंटेनरचे छत थंड होताच आतील हवेतले बाष्प थेंब होऊन खोक्यांवर गळते, म्हणून प्रत्येक मूर्तीच्या बंद पिशवीत सिलिका जेलची, म्हणजे बाष्प शोषणाऱ्या दाण्यांची, पुडी घालावी आणि कंटेनरमध्ये मोठ्या शोषक पिशव्या टांगाव्यात. शेवटी वर रोखलेले बाण, पेला आणि छत्री ही आंतरराष्ट्रीय चिन्हे, खोक्याचा क्रमांक व वजन चारही उभ्या बाजूंवर छापावे; केवळ वरच्या झाकणावरील खूण थप्पी लागताच झाकली जाते.