गाऊन उतरल्यावर

पनवेलच्या मार्चमधल्या उकाड्यात पदवीदान समारंभासाठी काळा गाऊन घातलेली सीनियर केजीची मुलं पंधरा मिनिटांत कुरकुरू लागतात. म्हणून निवेदन लिहिणाऱ्या बाईंनी स्वागत दोन वाक्यांत उरकावं. आधी मुलांचं गाणं, मग प्रमाणपत्रं आणि पाहुण्यांचं भाषण (ठेवायचंच तर) मुलं खाऊ खात असताना. पहिलीच्या तयारीसाठी पालकांना द्यायच्या चिठ्ठीत मात्र पाढ्यांचा आग्रह नको. राज्याच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांतही २०२२पासून पहिलीत येणाऱ्या मुलाची परीक्षा होत नाही. मूल तिथे वस्तू वेगळ्या करतं, चित्र पाहून बोलतं आणि आईला घरी करायच्या कृतींची कार्डं मिळतात. तेव्हा चिठ्ठीत एवढंच लिहावं: डबा उघडणं, बटण लावणं आणि अनोळखी बाईंना ‘शू लागली’ सांगणं मे महिन्यात जमवून घ्या, शाळा जूनमध्ये उघडते.