मांडव उतरल्यावरचं भाषण

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यात 96 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. एवढ्या मोठ्या कार्यक्रमात निवास आणि भोजन समित्यांचे खटके उडायचेच. रात्री पाहुण्यांची यादी बदलते, सकाळी पानं कमी पडतात.

मांडव उतरल्यावर कार्यवाहांनी नुसतं 'सर्वांचे आभार' म्हणून सुटू नये. काम नेमकं सांगावं : "पहाटे चारला तुम्ही स्टेशनवर होतात." मग भांडणाचं मूळ, जबाबदारी स्वतःकडे घेऊन : "यादी माझ्याकडे अडली होती. शिव्या मात्र तुम्ही खाल्ल्यात." एवढं पुरे. 'झालं गेलं विसरा' म्हणायचा मोह होतो. दुखावलेल्याला ते हुकमासारखं लागतं. आणि माईकवरून त्याची समजूत काढायला तर मुळीच जाऊ नये. ते घरी जाऊनच करायचं काम.