घड्याळ फक्त मजुरासाठी

अमेझॉन कंपनीने २००५ साली ‘मेकॅनिकल टर्क’ हा कामाचा बाजार संगणकावर मांडला. तेथे मजूर घरी बसून चित्रे ओळखतो, पावत्यांवरील आकडे उतरवतो आणि नगावर मोबदला घेतो. या मजुरांत अमेरिकनांच्या खालोखाल भारतीयांचा भरणा राहिला आहे. तेथला एक नियम वरकरणी निरुपद्रवी वाटतो. काम स्वीकारताच घड्याळ चालू होते, आणि काम देणाऱ्याने ठरवलेली मुदत संपली की ते मजुराच्या हातून आपोआप सुटून पुन्हा रांगेत जाते. मजुराने ते उघडून पाहिले की नाही, हे घड्याळ विचारत नाही.

कामे अडवून ठेवणाऱ्यांना आळा हवा, असे समर्थन केले जाते. ते खोटे नाही. परंतु मजूर साठा का करतो? बऱ्या दराची कामे पाहता पाहता संपतात म्हणून. एका वेळी पंचवीस कामे हाताशी ठेवण्याची मुभा असते आणि तो पंचवीसही उचलतो. आता हिशेब पाहावा. मुदत साठ मिनिटांची, एका कामाला चार मिनिटे. पंचवीस कामांना शंभर मिनिटे लागतील. म्हणजे तासाभरात पंधरा पुरी होतात आणि दहा हातची जातात. सोळावे अर्धे भरलेले असले तरी त्याचे दाम शून्य.

अनुभवी मजूर म्हणून आधी एकच काम करून वेळ मोजतात. वरील दराने ते चौदाच घेतात, एक पुरे झाले की एक नवे उचलतात, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी हातावेगळे करतात. न जमणारे काम मुदतीपूर्वी स्वतः परत करतात, कारण ‘परत केले’ आणि ‘सोडून दिले’ यांची नोंद वेगळी होते. अर्थात हा शहाणपणाही अपुराच. हा चौदावर थांबतो तेव्हा उरलेली कामे दुसरा कोणी, बहुधा आपोआप कामे पकडणारी यंत्रणा लावून, घेऊन जातो. भांडण मजुरा-मजुरांत लागते. मुदत ठरवणारा त्यात कोठेच नसतो.

त्याची स्वतःची मुदत किती? पुरे झालेले काम पसंत वा नापसंत करण्यास त्याला तीस दिवसांपर्यंत अवकाश मिळतो. तोवर मजुराचे दाम अडकून पडते. नापसंत केले तर दाम द्यावे लागत नाही, काम मात्र त्याच्या हाती राहते. मजुराने साठ मिनिटे अडवले तर तो साठेबाज, आणि मालकाने तीस दिवस अडवले तर ती तपासणी!

मागणी साधी आहे. घड्याळ काम उघडल्यापासून चालावे, अर्धे भरलेले काम मुदतीबरोबर पुसले जाऊ नये, आणि मिनिटांची मुदत लावणाऱ्याने दाम तीन दिवसांत चुकते करावे.