कोलोनोस्कोपी नॉर्मल, मग जुलाब कुठून?

‘आत कॅमेरा घालून सगळं मोठं आतडं पाहिलं, सूज नाही, जखम नाही, गाठ नाही. तेव्हा आजार नाही. असलाच तर मनाचा, नाहीतर वयाचा.’ हा युक्तिवाद डॉक्टरांच्या खोलीत जितका ऐकू येतो तितकाच चवथीला जमलेल्या नातेवाइकांतही. त्याचं खंडन करण्याआधी त्याला त्याचं श्रेय देतो. कोलोनोस्कोपी कर्करोग आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस पकडण्यात खरोखर वाकबगार आहे, आणि नॉर्मल निघालेल्या तपासणीनं पुष्कळ माणसं रास्तपणे निर्धास्त होतात. चूक पुढच्या पायरीवर होते. ‘डोळ्यांना दिसलं नाही’ यावरून ‘नाहीच’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि तोही ज्या आजाराची व्याख्याच डोळ्यांना न दिसण्यावर उभी आहे त्याच्या बाबतीत.

मायक्रोस्कोपिक कोलायटिस हा तो आजार. 1976 मध्ये स्वीडनमधल्या माल्मोच्या लिंडस्ट्रॉम यांनी पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या एका बाईच्या आतड्याचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आतल्या अस्तराच्या लगेच खाली कोलॅजनचा जाड पट्टा दिसला. निरोगी आतड्यात हा थर असतोच, पण फार तर चार-पाच मायक्रॉनचा. दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या वर गेला की कोलॅजनस कोलायटिस. दुसऱ्या प्रकारात पट्टा वाढत नाही, पण अस्तराच्या दर शंभर पेशींमागे वीसहून अधिक लिम्फोसाइट घुसलेले दिसतात. दोन्हींत अस्तराची क्षार शोषण्याची ताकद घटते आणि क्षारामागून शोषलं जायचं पाणी आतड्यातच राहतं. म्हणून जुलाब पातळ, रक्ताशिवाय, आणि झोपेतूनही उठवणारे. साठीच्या आसपासच्या बायकांत हा आजार जास्त आढळतो.

एक काल्पनिक रुग्ण घेऊ. मोप्यातल्या त्रेसष्ट वर्षांच्या एक काकी. पाच महिने दिवसाला सहा-सात वेळा पाण्यासारखं, रात्री दोनदा उठणं, वजन चार किलोनं उतरलेलं. घरच्यांनी आधी विहिरीच्या पाण्यावर ठपका ठेवला, मग मसाल्यावर. काकींनी माशाची आमटी सोडली, दूध सोडलं, म्हापशाच्या बसमध्ये बसणंही सोडलं, कारण वाटेत कुठं उतरायचं हा प्रश्न. शेवटी एका खासगी ठिकाणी कोलोनोस्कोपी झाली. रिपोर्ट नॉर्मल, तुकडा एकही घेतला नाही, निदान आयबीएस.

इथं पहिला आक्षेप आयबीएसवरच. आयबीएस साठीनंतर पहिल्यांदा उगवणं विरळा, रात्री झोपेतून उठवणं त्याहून विरळा, आणि त्याच्या व्याख्येत पोटदुखी लागते. काकींना पोटदुखी नव्हतीच. वय, रात्र आणि वजन या तिन्ही गोष्टी उलट बोट दाखवत असताना केवळ कॅमेऱ्याच्या साक्षीवर आयबीएस म्हणणं म्हणजे प्रश्न न सोडवता फाईल बंद करणं.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: आपल्याकडे जंत, जिआर्डिया, आतड्याचा क्षय, हे सोडून युरोपातलं दुखणं का शोधायचं? क्रमाबद्दल हा माणूस बरोबर आहे. आधी शौच तपासावं, थायरॉइड पाहावं, रक्तात सीलिअॅकची टीटीजी तपासणी करावी. हा शेवटचा आजार मायक्रोस्कोपिक कोलायटिसच्या बरोबरीनंही सापडतो. पण हे सगळं निरंक आल्यावर ‘आपल्याकडे तो आजार नसतो’ असं म्हणणं हा पुरावा नव्हे. तुकडाच घेतला नाही तर तो सापडणार कुठून?

आणि ‘निरोगी दिसणाऱ्या भागाचा तुकडा कशाला, पैसे वाया’ हे तर मुळातच उलटं आहे. जुलाबाची औषधं पिऊन पोट साफ केलं, नळी शेवटपर्यंत गेली, भूल दिली. एवढं झाल्यावर चिमट्यानं काही तुकडे घेणं ही सगळ्या तपासणीतली सर्वांत छोटी भर. न घेता परत आलं तर सगळा खटाटोप पुन्हा. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: दीर्घकाळ पाण्यासारखे जुलाब असतील तर तुकड्यांशिवायची कोलोनोस्कोपी अर्धवट समजावी.

तुकडे कुठून, यालाही महत्त्व आहे. फक्त गुदाशयातून घेतले तर पट्टा हुकू शकतो, कारण तो सगळीकडे सारखा नसतो. उजव्या, म्हणजे चढत्या, आणि डाव्या, म्हणजे उतरत्या भागातून घ्यावेत, वेगवेगळ्या बाटल्यांत. फॉर्मवर ‘पाण्यासारखे जुलाब, पाच महिने’ असं लिहावं. नुसतं ‘नॉर्मल म्युकोसा’ लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट लिम्फोसाइट मोजायला बसेलच असं नाही. शिवाय तुकडा तिरपा कापला गेला की साधा थरही जाड भासतो, तेव्हा नीट उभ्या कापावर आणि गरज पडल्यास ट्रायक्रोम रंगावर मोजणी व्हावी. समजा, काकींची दुसरी तपासणी अशी झाली आणि लिम्फोसाइट शंभरामागे तीस-पस्तीस सापडले, पट्टा साधाच.

आता औषधांचा मुद्दा, आणि इथं मला दुसऱ्या बाजूच्या उत्साहालाही आवरायचं आहे. डायक्लोफेनॅक-एसिक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं, अॅसिडिटीची ‘प्राझोल’ मंडळी, विशेषतः लॅन्सोप्राझोल, आणि सर्ट्रालिनसारखी नैराश्याची औषधं यांचा या आजाराशी संबंध वारंवार दिसला आहे. संबंध म्हणजे कारण नव्हे. जुलाबासाठीच तपासलेल्या इतर रुग्णांशी तुलना केली की काही दुवे फिके पडतात. ‘सगळ्या गोळ्या बंद करा’ हे म्हणूनच ‘सगळं मनाचं आहे’ इतकंच आळशी उत्तर.

करायचं काय, तर तारखा मांडायच्या. काकींना गुडघ्यासाठी मार्चपासून एसिक्लोफेनॅक, त्याच्या आडोशाला पॅन्टोप्राझोल, जुलैपासून सर्ट्रालिन, ऑगस्टमध्ये जुलाब. तिघंही संशयित, पण तिघांना एका मापानं तोलता येत नाही. वेदनाशामक आधी थांबवावं, गुडघ्याला पॅरासिटामॉल चालतं का ते पाहावं. तसं केलं की पॅन्टोप्राझोलचं कारणच संपतं. तेही हळूहळू कमी करावं, कारण एकदम थांबवल्यास काही दिवस आम्ल उसळी घेतं आणि रुग्ण घाबरून पुन्हा तीच गोळी घेतो. सर्ट्रालिन मात्र स्वतः तोडायचं नाही. ज्यांनी दिलं त्यांच्याशी बोलून, आणि पहिल्या दोन बदलांनी भागलं नाही तरच. हृदयात स्टेंट असलेल्याची अॅस्पिरिन तर या वादात ओढूच नये.

दिवसाला सात वेळा जुलाब आणि वजनही घटत असेल तर महिनोन्महिने वाट पाहणं निर्दयपणा. मग बुडेसोनाइड 9 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सहा ते आठ आठवडे. हे दम्याच्या पंपातलंच औषध, पण पंप ओढून आतड्याला काही मिळत नाही. आतड्यात विरघळणारी कॅप्सूल लागते. बहुतेकांचे जुलाब लवकरच आटोक्यात येतात. यकृत त्यातलं बरंचसं तिथंच मोडून टाकतं, म्हणून इतर स्टेरॉइडपेक्षा अंगावर परिणाम कमी. या आजारानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत नाही, हेही काकींच्या मुलाला सांगायला हवं.

अडचण एवढीच की गोळ्या बदलल्या आणि बुडेसोनाइडही दिलं, तर बरं कशानं वाटलं ते तेव्हाच कळत नाही. कळतं ते बुडेसोनाइड थांबवल्यावर. थांबवल्यानंतर निम्म्याहून अधिक रुग्णांना पुढच्या काही महिन्यांत जुलाब परत लागतात. काकींना ते परतले नाहीत तर वेदनाशामकावरचा संशय बळावतो, आणि ती गोळी पुन्हा सुरू करून खात्री करण्याची गरज नाही. परतले तर बुडेसोनाइड पुन्हा 9 पासून सुरू करून 6 किंवा 3 मिलिग्रॅमवर टिकवायचं, आणि सर्ट्रालिनबद्दलचं बोलणं तेव्हा काढायचं.